शंभरातल्या तेरा जणी

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गरोदर बायका आणि बाळंतिणींच्या नैराश्यावर गावातल्याच स्त्रियांना शिकवून समुपदेशन सुरू करावं, यासाठी अनुदान मागणारा हा प्रस्ताव आहे. पैसे देणारा पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न रास्त असतो: याने किती जणी बऱ्या होतील? अशा प्रस्तावांत या प्रश्नाचं उत्तर सहसा मोठ्या टक्केवारीत दिलं जातं. इथे ते लहान आकड्यात द्यायचं ठरवलं आहे, आणि तो आकडा कुठून आला ते आधी सांगायला हवं.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने हे काम प्रत्यक्ष करून मोजून पाहिलं आहे. 2014 ते 2016 या काळात तिथल्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या ठिकाणी 6,369 गरोदर स्त्रियांना नैराश्याचे प्रश्न विचारले गेले. नऊ प्रश्नांच्या त्या चाचणीत दहा किंवा अधिक गुण आलेल्यांपैकी 280 जणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाकडे सखी जात होत्या. या सखी म्हणजे डॉक्टर नव्हेत, नर्स नव्हेत, तर त्याच भागातल्या शिकवून तयार केलेल्या स्त्रिया. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा थोडी सुधारून मिळाली: डॉक्टरला कळवलं गेलं आणि पुढे कुठे जायचं ते सांगितलं गेलं. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा गुण मोजले तेव्हा सखीच्या गटातल्या 73 टक्के जणी नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. हा आकडा एकटाच छापला तर डोळे दिपतात. पण दुसऱ्या गटातल्याही 60 टक्के जणी बाहेर आल्या होत्या. म्हणजे सखीमुळे वाढलेल्या जणी शंभरात तेरा. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर जेमतेम उतरला, आणि लक्षणांच्या तीव्रतेत दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. 2019 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त हे सगळं जसंच्या तसं प्रसिद्ध झालं.

याआधीचा रावळपिंडीचा निष्कर्ष कितीतरी ठळक होता. अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ग्रामीण भागात सरकारी ‘लेडी हेल्थ वर्कर’ना सोळा बैठकींची एक पद्धत शिकवली. शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक बैठक, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन आणि पुढे महिन्याला एक. 2008 च्या त्यांच्या अहवालात बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा एका गटात 53 टक्के आया नैराश्यात होत्या, तर ही पद्धत मिळालेल्या गटात 23 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये या पद्धतीची पुस्तिका काढली ती याच कामाच्या जोरावर. प्रस्ताव लिहिणाऱ्याला रावळपिंडीचा आकडा उचलण्याचा मोह होतो. मात्र तिथे ही पद्धत न मिळालेल्या निम्म्याहून अधिक बायका नैराश्यातच राहिल्या होत्या, म्हणून फरक मोठा दिसला. गोव्यात निम्म्याहून अधिक जणी आपल्या आपण किंवा थोड्या आधाराने सावरल्या. कर्जत-खालापूरची स्थिती यांपैकी कुठल्या टोकाशी जुळेल हे आधी कळण्याचा मार्ग नाही, म्हणून वचन द्यायचं ते कमी आकड्याचं. शंभरात तेरा.

तेरा जणी थोड्या वाटत असतील तर त्यांच्या घरात डोकावून पाहावं. नैराश्यातली बाळंतीण बाळाला दूध पाजते, पण तिला बाळाचं रडणं दुरून आल्यासारखं वाटतं. तिला झोप लागत नाही, आणि लागली तरी उठावंसं वाटत नाही. घरातले म्हणतात, आळशी झाली, माहेरी लाडावली. काही जणी आपल्या आपण सावरतात हे खरं, पण कोण सावरेल आणि कोण नाही हे सातव्या महिन्यात चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. आपोआप न सावरणाऱ्या, पण सखीमुळे सावरू शकणाऱ्या तेरा जणींपर्यंत पोचायचं असेल तर शंभर जणींच्या घरी जावंच लागतं.

हे काम इथेच का, याचं उत्तर नकाशात आहे. रायगड म्हटलं की अलिबागचा किनारा डोळ्यांसमोर येतो आणि जिल्हा रुग्णालयही तिथेच आहे, समुद्राकाठी. कर्जत आणि खालापूर घाटाच्या पायथ्याशी आहेत. इथला माणूस अलिबागला कमी आणि कल्याण, ठाण्याला जास्त जातो, कारण लोकल तिकडे नेते. मोठा मानसिक आजार झाला तर ठाण्याचं मनोरुग्णालय सगळ्यांना ठाऊक असतं. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांचं ‘श्रद्धा’ केंद्र आहे. रस्त्यावर हरवलेल्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याच्या त्या कामासाठी त्यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे मन पूर्ण मोडून पडलेल्या माणसासाठी या तालुक्यात जागा आहे. स्वयंपाक करणारी, बाळ सांभाळणारी, आणि आतून रोज थोडी खचत जाणारी बाई मात्र यांपैकी कुठल्याच दारात बसत नाही. ती आपणहून कुठल्या दारात जाणारही नाही. तिच्याकडे कुणीतरी जायला हवं.

शिकलेल्या डॉक्टरचं काम गावातल्या बाईने करावं का, ही शंका जुनी आहे आणि महाराष्ट्रात तिचं उत्तरही जुनं आहे. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ती पद्धत त्या कामातून उभी राहिली. या सहा भेटींत आशाताई बाळाचं वजन करते, ताप पाहते, दूध ओढतं का ते विचारते. आईच्या मनाबद्दल ती काही विचारत असेल तर स्वतःच्या समजुतीने. दार उघडलेलं आहे, आत जाणारी व्यक्तीही आहे, प्रश्न तेवढा विचारायचा राहिला आहे.

मग आशाताईलाच समुपदेशन का सोपवू नये? कारण तिच्यावर आधीच लसीकरण, सर्वेक्षणं, क्षयरोग, कार्डं आणि ॲप यांचा भार आहे. तिला दोनच प्रश्न विचारायला सांगता येतात: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का, आणि कशातच रस वाटला नाही असं झालं का. पुढची अर्धा-पाऊण तासाची शांत बैठक, तीही पुन्हा पुन्हा, तिच्या दिवसात बसत नाही. जबरदस्तीने बसवली तर ती कागदावर भरली जाईल. म्हणून या प्रस्तावात आशाताई दाखवून देणारी आहे, आणि बसून ऐकणारी सखी वेगळी आहे.

आता हिशेब. 2011 च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांहून थोडी अधिक होती. हजारी पंधराच्या आसपास जन्मदर धरला तर वर्षाला सुमारे सहा हजार बाळंतपणं होतात. त्यांत किती जणी नैराश्यात असतील? भारतातल्या अनेक अभ्यासांचा 2017 साली एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते 23 टक्के होतं. पण गोव्यातल्या ज्या प्रयोगाबद्दल वर लिहिलं, तिथे तपासणीच्या रांगेत दहा किंवा अधिक गुण आलेल्या फक्त 333 जणी होत्या, म्हणजे शंभरात पाच. पाच आणि बावीस यांच्यात एवढी दरी का, यावर प्रस्ताव लिहिताना सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. कारण सखी किती लागतील, पैसे किती लागतील, हे सगळं त्या दरीत अडकलेलं आहे.

दरीचं एक कारण मोजमापाचं आहे. कुठे गरोदरपणी विचारलं, कुठे बाळंतपणानंतर. कुठे एक प्रश्नावली वापरली, कुठे दुसरी. कुठे रेषा खाली आखली, कुठे वर. दुसरं कारण दवाखान्यात जाऊन उभं राहिलं की दिसतं. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते तेव्हा बाकड्यावर सूनबाई बसलेली असते आणि शेजारी सासू. प्रश्न विचारणारी कार्यकर्ती घाईत असते, मागे रांग असते. ‘मरून जावंसं वाटतं का’ या प्रश्नाला सासूच्या देखत ‘नाही’ हेच उत्तर येणार. नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य गुण असलेले कागद एका दिवशी गठ्ठ्याने आले, तर सगळ्या बायका आनंदी आहेत असं समजायचं नाही. विचारण्याची जागा चुकली आहे असं समजायचं. यावर उपाय साधा आहे: वजनकाट्यासाठी बाई एकटी आत येते, तिथेच पडद्याआड विचारायचं.

चूक उलट्या बाजूनेही होते. झोप, भूक आणि थकवा यांवरचे प्रश्न नैराश्य ओळखण्यासाठी आहेत, पण आठव्या महिन्यातल्या कुठल्याही बाईची झोप मोडलेली असते. म्हणून दहा किंवा अधिक गुण आले की लगेच नाव नोंदवायचं नाही. दोन आठवड्यांनी घरी जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. अनेकींचे गुण तेव्हा खाली आलेले असतात, आणि ते बरंच आहे. ज्या जणींचे गुण टिकतात त्या खऱ्या सखीच्या.

हे सगळं धरून पहिल्या वर्षी तीनशे जणींची तयारी ठेवावी, तेराशेंची नको. प्रत्येकीच्या सरासरी आठ बैठका धरल्या तर 2,400 बैठका होतात. एक सखी आठवड्याचे तीन दिवस काम करेल आणि अंतर पाहता दिवसाला दोनच घरं गाठेल. वर्षाचे 45 आठवडे धरले तर तिच्या 270 फेऱ्या होतात. त्यांतली दर तिसरी फेरी वाया जाते: घराला कुलूप असतं, बाई लावणीला गेलेली असते, घरात पाहुणे असतात. उरल्या 180 बैठका. म्हणजे चौदा सखी पुरतात. पण सखीसुद्धा सोडून जातात, त्यांचीही लग्नं आणि बाळंतपणं होतात, कुणाला कारखान्यात कायमचं काम लागतं. म्हणून वीस शिकवाव्या लागतात. वीस हा आकडा वेळ, अंतर आणि गळती यांतून आला आहे, आणि तो प्रस्तावात असाच उलगडून दाखवायला हवा.

वीस सखी कुठे बसवायच्या हे ठरवताना एक गोष्ट सोडून चालत नाही. गरोदर बाई एका जागी राहत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरली जाते, मग ती माहेरी जाते आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत येते. गुण मोजले जातात सासरी, नैराश्य वाढतं माहेरी, आणि परत आल्यावर तिला नव्याने सगळं सुरू करावं लागतं. बैठका मध्येच तुटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण, आणि बाईच्या इच्छेचा त्याच्याशी काहीच संबंध नसतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. ही कुणी एक खरी बाई नाही, पण हिच्यासारख्या अनेक आहेत. सासर खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या शिळफाट्याजवळ, नवरा कंत्राटावर कारखान्यात, आठवड्याला पाळी बदलते. माहेर कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या बाजूच्या एका वाडीत. वय बावीस, पहिलं गरोदरपण, सातवा महिना. पडद्याआड विचारल्यावर चौदा गुण आले, दोन आठवड्यांनी घरी तेरा. सखी पहिल्या बैठकीत सल्ला काहीच देत नाही. ती तिच्याबरोबर कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कागदावर मांडते: उठली कधी, कुणाशी बोलली, कशाने बरं वाटलं, कशाने मन बसलं. त्यातून दिसतं की लग्नाआधी ही मुलगी शिवणकाम करायची, संध्याकाळी बहिणीशी फोनवर बोलायची. आता फोन नवऱ्याकडे असतो आणि नवरा एक तर पाळीवर असतो, नाहीतर झोपलेला असतो. ही पद्धत उभी आहे ती एवढ्याच समजावर की मन खचलं म्हणून माणूस कामं सोडतो, आणि कामं सोडली म्हणून मन आणखी खचतं. वर्तुळ तोडायचं ते कामाच्या बाजूने, कारण मनाला आज्ञा देता येत नाही. पहिल्या आठवड्यासाठी ठरतं इतकंच: नवरा उठल्यावर दहा मिनिटं फोन तिच्याकडे, बहिणीसाठी.

दुसऱ्या बैठकीनंतर ती माहेरी निघते. इथे कार्यक्रमाची परीक्षा असते. खोपोलीची सखी तिच्या परवानगीने कशेळ्याच्या सखीला फोन लावते, तिघी एकदा एकत्र बोलतात, आणि दिवसाचा तो कागद बाईबरोबरच जातो. कागदावर आजाराचं नाव नसतं. पाहणाऱ्याला ते वेळापत्रक वाटतं. बाळंतपण कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात होतं. मुलगी होते. सासरचं माणूस पाचवीलाही येत नाही. म्हापशाच्या त्या अभ्यासात गरिबी आणि नवऱ्याची मारहाण यांच्याबरोबर मुलगी झाल्याची घरातली नाराजी ही नैराश्याशी जोडलेली निघाली होती, आणि तिथल्या नैराश्यात गेलेल्या बहुतेक जणींचं मन गरोदरपणीच ढासळलेलं होतं. आपल्या या बाईचे गुण बाळंतपणानंतर पंधरावर जातात. फक्त आकडे पाहणारा म्हणेल, बैठका फुकट गेल्या. पण सखीने या आठवड्यात फार काही करायचंच नसतं. सव्वा महिना बाई खोलीत आहे, शेक-शेगडी चालू आहे, रात्री बाळ उठतं. इथे एकच गोष्ट ठरते: पहाटेचं बाळ आजीने घ्यायचं, म्हणजे आईला सलग चार तास झोप मिळेल. त्यासाठी सखी आजीबरोबर बसते, आणि आजीला आजाराचं व्याख्यान न देता मदत मागते. दीड महिन्यात गुण अकरावर येतात. ओटीवर बसून शेजारणीशी बोलणं सुरू होतं, शिलाईचं एक साधं काम हाती येतं. तिसऱ्या महिन्यात आठ.

आणि मग ती सासरी परत येते. जुन्या घरात, मुलगी घेऊन. गुण पुन्हा चढण्याची ही वेळ, म्हणून खोपोलीच्या सखीने पहिल्या तीन आठवड्यांत दर आठवड्याला जायचं, हे आधीच ठरलेलं असायला हवं. गोव्याच्या पद्धतीत सहा ते चौदा बैठका होत्या. या बाईच्या अकरा होतील: दोन सासरी, पाच माहेरी, चार पुन्हा सासरी. तालुक्याच्या हद्दीपाशी काम थांबवणारा कार्यक्रम तिला दोन बैठकांनंतर ‘संपर्कात राहिली नाही’ या रकान्यात टाकेल.

कातकरी वाड्यांचं गणित याहून अवघड आहे. दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. तिथे सखीने पावसाळ्यातच बैठका लवकर लवकर उरकायच्या, आणि भट्टीवर गेलेल्या बाईचं काय झालं ते आपल्याला कळणार नाही हे अहवालात लिहायचं. सखी कातकरी समाजातलीच हवी, पण त्याच वाडीतली नको. चाळीस घरांच्या वाडीत सगळी एकमेकांची नात्यातली असतात, आणि नात्यातल्या बाईला नवऱ्याची मारहाण सांगितली तर ती संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळते. शेजारच्या वाडीतली सखी हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

आता या प्रस्तावातली सगळ्यात महत्त्वाची मागणी. पैसे देणाऱ्याला प्रशिक्षण आवडतं, कारण त्याचे फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटता येतात आणि आकडा सांगता येतो. पण नव्याने शिकलेल्या सखीला दोन महिन्यांत काय होतं हे अशा कामातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ती सल्ला द्यायला लागते. ‘सासूशी जुळवून घे’, ‘बाळाकडे बघून जग’, ‘देवाचं नाव घे’. हे ती प्रेमाने म्हणते, कारण तिलाही आयुष्यभर हेच ऐकायला मिळालं आहे. बाई मान डोलावते, बैठक बारा मिनिटांत संपते, आणि पुढच्या वेळी घराला कुलूप असतं. हे वर्गातल्या शिक्षणाने थांबत नाही. ते थांबतं दर आठवड्याच्या देखरेखीने.

देखरेख कशी करायची हे ‘संगाथ’नेच दाखवलं आहे. बाईच्या संमतीने बैठकीचं ध्वनिमुद्रण होतं. पाच-सहा सखी आठवड्यातून एकदा एकत्र बसतात, एकीची बैठक सगळ्या ऐकतात आणि ठरलेल्या कागदावर गुण देतात: मागच्या आठवड्याचं काम विचारलं का, बाईला बोलू दिलं का, पुढचं पाऊल तिनेच ठरवलं का. गोव्यात अशा शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले, म्हणून दर वेळी तज्ज्ञ हजर असण्याची गरज उरत नाही. आपल्या वीस सखींचे चार गट होतात. दोन पूर्णवेळ पर्यवेक्षिका प्रत्येकी दोन गट सांभाळतील, आणि मानसोपचारतज्ज्ञ पंधरा दिवसांतून एकदा त्या दोघींबरोबर अवघड प्रकरणं पाहतील. ध्वनिमुद्रणाला ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईकडे मुद्रणाशिवाय जायचं. तिचा ‘नाही’ पाळला जातो हे तिला दिसणं हाच उपचाराचा एक भाग आहे.

देखरेख ढिली पडली की कागद आधी बोलतात. एका सखीच्या सगळ्या बायकांचे गुण सहाव्या बैठकीला नेमके नऊवर येऊन थांबले, दहाच्या रेषेच्या जरा खाली, तर तिथे जाऊन बसायला हवं. सगळ्या बैठका बरोबर तीस मिनिटांच्या लिहिल्या असतील तरीही. रागावण्यासाठी नव्हे. बहुधा त्या सखीला वाटतं की गुण खाली आले नाहीत तर काम जाईल. म्हणून मानधन बैठकीवर द्यायचं, गुणांवर कधीच नाही, आणि वाया गेलेल्या फेरीचंही भाडं द्यायचं.

सखीने काय करायचं नाही हेही तितकंच स्पष्ट लिहिलं आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही बायकांना तीव्र मानसिक आजार होतो: झोप अजिबात जाते, भास होतात, बाळाबद्दल भलतंसलतं वाटायला लागतं. हजार बाळंतपणांत एक-दोन वेळा हे घडतं, म्हणजे या दोन तालुक्यांत वर्षाला सहा ते बारा वेळा. घरचे याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात आणि मोलाचे दिवस जातात. इथे बैठक नाही, त्याच दिवशी रुग्णालय. भगताशी भांडायचं नाही, त्याच्याकडे जायचं असेल तर रुग्णालयातून आल्यावर जा म्हणायचं. आत्महत्येच्या प्रश्नाला शून्याहून अधिक गुण आला, तर सखी बाईला एकटी सोडून निघत नाही. ती तिथूनच पर्यवेक्षिकेला फोन लावते, बाई ज्या माणसाचं नाव घेईल त्याला बोलावते, आणि रात्री-अपरात्रीसाठी ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक देते. मारहाण होत असेल तिथे नैराश्याचे गुण बाजूला ठेवायचे आणि संरक्षण अधिकाऱ्यापर्यंतची वाट आधी दाखवायची. मार खाणाऱ्या बाईला रोज ओटीवर दहा मिनिटं बस असं सांगणं हा अन्याय आहे.

तीन वर्षांनी अनुदान संपल्यावर काय, हाही प्रश्न येईल. आशाताईचे दोन प्रश्न आणि पडद्याआडची चाचणी आरोग्य खात्याच्या नेहमीच्या कामात उतरू शकतात, त्याला वेगळे पैसे फारसे लागत नाहीत. सखींचं मानधन आणि पर्यवेक्षिकांचा पगार मात्र कुणीतरी द्यावाच लागेल, आणि त्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी बोलणी पहिल्या वर्षीच सुरू करायची आहेत, तिसऱ्या वर्षी नव्हे.

मागितलेल्यापेक्षा अनुदान कमी मिळण्याची शक्यता नेहमीच असते. तसं झालं तर एक तालुका सोडण्याचा मार्ग सोपा वाटेल. तो घेऊ नये, कारण खोपोलीची बाई कशेळ्याला जाणारच आहे. देखरेखीची आठवड्याची बैठक महिन्यावर नेऊन एक पर्यवेक्षिका वाचवण्याचाही मार्ग घेऊ नये. वीसऐवजी दहा सखी घ्याव्यात, पाच कर्जतमध्ये, पाच खालापुरात, तीनशेऐवजी दीडशे जणींची नावं नोंदवावीत, आणि त्या दहांसाठी आठवड्याला दोन गट भरतील, एक पर्यवेक्षिका पूर्णवेळ असेल, एवढ्या पैशांवर ठाम राहावं.